चावीसोबत झाडू देऊ नका : बंद कोठारं उघडायला माणसं पाठवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

हे पत्र ज्यांच्या टेबलाच्या खणात चाव्यांचा जुडगा असतो त्यांच्यासाठी आहे. भांडार अधिकारी, गोदामाचे व्यवस्थापक, शाळा-वसतिगृहांचे अधीक्षक, जुन्या दप्तराची खोली सांभाळणारे हेडक्लार्क. वर्ष-सहा महिने बंद असलेली खोली उघडायची वेळ आली की आपण हाताखालच्या माणसाला बोलावतो, चावी देतो आणि सांगतो, "जरा झाडून घे." मी स्वतः भांडारपाल म्हणून हे वाक्य किती वेळा बोललो असेन, त्याची मोजदाद नाही. आज माझी विनंती या एका वाक्यापुरतीच आहे. ते बदला.

अशी खोली उघडल्यावर काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दार ढकललं की कुबट, नाकात झोंबणारा वास येतो. मांडणीच्या खालच्या फळीवर, भिंतीच्या कडेकडेने काळ्या लेंड्या पडलेल्या असतात, जिऱ्याहून जरा मोठ्या, टोकांना निमुळत्या. खोक्याचा एखादा कोपरा कुरतडलेला असतो आणि कागदाच्या चिंध्यांचं घरटं मागे सरकवलेल्या पेटीआड सापडतं. मग झाडूचा पहिला फटकारा बसतो आणि दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ उसळते. झाडणारा माणूस खाकरतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि पुन्हा झाडू लागतो. त्या उन्हाच्या पट्ट्यात जे तरंगताना दिसतं ती जाड धूळ. जी श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती त्याहून बारीक असते, डोळ्याला दिसत नाही आणि वारा नसलेल्या खोलीत बराच वेळ खाली बसत नाही.

त्या धुळीत वाळलेली लघवी, लेंड्यांचा चुरा आणि उंदराची लाळ असते. यातल्याच काही उंदरांच्या अंगात हंताव्हायरस असतो. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही; तो एकदा बाधित झाला की बहुधा आयुष्यभर तसाच राहतो आणि विषाणू बाहेर टाकत राहतो. आजारी पडतो तो माणूस.

या विषाणूची दोन रूपं आहेत. पहिलं जगाच्या नजरेत आलं ते कोरियन युद्धात. १९५१ ते १९५३ दरम्यान तिथे लढणारे ३ हजारांहून अधिक सैनिक तापाने आजारी पडले, त्यांच्या अंगात रक्तस्राव झाला आणि किडन्या निकामी होऊ लागल्या. कारण सापडायला पुढची वीसेक वर्षं गेली. १९७६ साली हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाला ते पट्टेरी शेतउंदराच्या फुप्फुसात सापडलं आणि जवळच्या हंतान नदीवरून विषाणूला नाव मिळालं. दुसरं रूप १९९३ साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात उघड झालं. धडधाकट तरुण माणसं फ्लूसारख्या तापाने आजारी पडून एक-दोन दिवसांत श्वास कोंडून मरू लागली. तो विषाणू तिथल्या हरीण-उंदरात सापडला. कुठल्याच गावाला, खोऱ्याला आपलं नाव त्याला द्यायचं नव्हतं, म्हणून त्याचं नाव पडलं 'सिन नोम्ब्रे'. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'बिननावाचा'.

आजार दुर्मीळ आहे, हे आधीच सांगतो. अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात ८६४ रुग्णांची नोंद झाली. प्रत्येक उंदीर बाधित नसतो आणि प्रत्येक अडगळीची खोली जीवघेणी नसते. पण फुप्फुसाचा आजार एकदा श्वासापर्यंत पोचला की दहातले जवळजवळ चार रुग्ण दगावतात. किडनीच्या रूपात मृत्यूचं प्रमाण विषाणूच्या जातीप्रमाणे बदलतं, कुठे शंभरात एकाहून कमी, कुठे १५ पर्यंत. त्यातली सोल नावाची जात तर साध्या तपकिरी उंदराच्या अंगात राहते आणि हा उंदीर जहाजांबरोबर जगभर पसरला आहे. त्यामुळे "आमच्याकडे असले उंदीर नसतात" असं छातीठोकपणे कुणालाच म्हणता येत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण कामाचा सगळा क्रम तिच्यावर ठरतो. हा विषाणू फार चिवट नाही. त्याच्याभोवती चरबीचं पातळ वेष्टण असतं. साबण, ब्लीच, साधं जंतुनाशक यांनी ते फाटतं आणि विषाणू संपतो. उन्हातही तो लवकर मरतो. खोलीच्या साध्या तापमानाला तो दोन-तीन दिवस तग धरतो, थंडीत जास्त. मग सहा महिने बंद असलेल्या खोलीची भीती कशाला? भीती याची की खोली आपल्यासाठी बंद असते, उंदरांसाठी नाही. जुन्या लेंड्यांवर रोज नवी लघवी पडत असते. ऊन नाही, वारा नाही, माणसाची चाहूल नाही; त्यांना याहून निवांत जागा कुठली? जुनी लेंडी राखाडी होते, बोटाने दाबली तर भुगा होतो (हातमोजा घालूनही तसं करून बघू नका). ताजी लेंडी काळी, चकचकीत, ओलसर असते. चकचकीत लेंडी दिसली म्हणजे उंदीर अजून तिथेच राहतायत. अशा खोलीत आधी सफाई करणं म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वेळी आत शिरणं.

म्हणून सफाईच्या आधी उंदीर बाहेर काढायचे, आणि त्याच्याही आधी त्यांची वाट बंद करायची. घरात वावरणारा लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी फट त्याला पुरते. पाइप भिंतीतून जातो तिथली मोकळी जागा, दाराखालची फट, तुटलेली जाळी, छताचा जोड हे सगळं बाहेरच्या बाजूने फिरून बघावं लागतं. नुसता बोळा कोंबून चालत नाही, तो ते कुरतडतात. तारेचा चोथा ठासून वर सिमेंट लावलं तर टिकतं. मग स्प्रिंगचे सापळे लावायचे, भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला घासूनच पळतो. चिकट पट्ट्या आणि जिवंत पकडायचे पिंजरे या कामासाठी नकोत. अडकलेला उंदीर घाबरून मुततो आणि आपण जे टाळायला निघालो तेच वाढतं. सलग एक आठवडा सापळ्यात काही सापडलं नाही आणि नवी लेंडी दिसली नाही, की खोली सफाईला तयार झाली.

हा आठवडा तुमच्या हातात आहे, सफाई करणाऱ्याच्या नाही. "परवा तपासणी आहे, आज खोली लख्ख हवी" असा निरोप वरून आला की खालच्या माणसापुढे झाडूशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. पत्र तुम्हाला लिहायचं कारण हेच. सफाई कामगारासाठी सूचनांचे फलक पुष्कळ लावले जातात. त्याला वेळ, बादली आणि मास्क देणारा माणूस तुम्ही आहात.

मी निवृत्त व्हायच्या आधी एक खोली या पद्धतीने उघडली होती, तिचा दिवस सांगतो. साधारण १२ बाय १० फुटांची खोली, एक दार, एक खिडकी, लोखंडी मांडण्या, दप्तराचे गठ्ठे आणि पुठ्ठ्याची खोकी. सापळ्यांचा आठवडा पार पडला होता. सकाळी दोघांपैकी एकाने मास्क लावून आत जाऊन, कशालाही धक्का न लावता फक्त खिडकी उघडली आणि तो बाहेर आला. दार सताड उघडं ठेवलं आणि आम्ही अर्धा तास लांब जाऊन बसलो. दारासमोर उभं राहायचं नाही, कारण आतली हवा तिथूनच बाहेर येते. पंखा लावायचा नाही. तो झाडूचंच काम करतो.

त्या अर्ध्या तासात बादली तयार केली. एक लिटर ब्लीच, नऊ लिटर पाणी. हे मिश्रण त्याच दिवशी करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. कालचं उरलेलं वापरलं तर ताकद उरलेली नसते. त्यात संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही घालायचं नाही, विषारी वायू तयार होतो. मागे एकाने "दोन्ही घातलं तर जास्त साफ होईल" म्हणून तसं केलं होतं आणि सगळ्यांना डोळे चोळत बाहेर पळावं लागलं होतं.

दोघांनी रबरी हातमोजे आणि चष्मे चढवले, आणि एन-९५ मास्क लावले. रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा सैल निळा मास्क इथे पुरत नाही, कारण हवा कडेने आत येते. एन-९५ सुद्धा दाढीवर नीट बसत नाही. आमच्यातल्या एकाला दाढी होती. त्याला बाहेर पाणी आणि पिशव्या देण्याचं काम दिलं आणि दुसऱ्याला आत घेतलं. खोली उंदरांनी पार भरलेली असेल, घरटीच घरटी असतील, तर एन-९५ वरही भागवू नये. अगदी बारीक कण अडवणारी हेपा गाळणी बसवलेला रबरी मुखवटा हवा, नाहीतर त्या कामातल्या जाणकारांना बोलवावं.

सुरुवात दारातून केली. फवारणीचा पंप हळू चालवला, पाणी पावसासारखं पडेल असा. जोराचा फवारा मारला तर सुक्या लेंड्या उडतात, मग सगळी मेहनत वाया. पायापुढची फरशी भिजवायची आणि भिजलेल्या फरशीवरच पाऊल टाकायचं, असं करत भिंतीपर्यंत गेलो. मग थांबलो. पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फवारलं की लगेच पुसायला हात शिवशिवतात. पण जंतुनाशकाला काम करायला वेळ लागतो. पाच मिनिटांनी लेंड्या पार भिजून मऊ झाल्या, तेव्हा त्या जुन्या फडक्यांनी टिपून पिशवीत टाकल्या, फडक्यांसकट. घरटं जागच्या जागी चिंब केलं, थांबलो, उचललं आणि दोन पिशव्यांत बांधलं. मग मांडण्या वरच्या फळीपासून खाली पुसत आलो आणि शेवटी फरशीला पुन्हा एकदा ओला पोछा मारला. झाडू दिवसभर खोलीत आला नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको; त्याच्या मागून जी हवा बाहेर पडते तीत बारीक धूळ असतेच.

अडचण आली ती दप्तराच्या गठ्ठ्यांची. कागदावर ब्लीच ओतता येत नाही. लेंड्या पडलेली पुठ्ठ्याची खोकी भिजवून टाकून दिली. कागद मास्क आणि हातमोजे घालूनच उचलले, आपटले-झटकले नाहीत, आणि काही तास उघड्यावर उन्हात पसरून ठेवले. जे उन्हात नेता येत नव्हते ते उंदीर नसलेल्या दुसऱ्या खोलीत तीन आठवडे तसेच राहू दिले, आणि नंतर त्यांच्या वेष्टणांवरून जंतुनाशकात बुडवून पिळलेलं फडकं फिरवलं. गठ्ठ्यावरची धूळ तोंडाने फुंकायची आपली जुनी सवय फार वाईट. नाव वाचायला गठ्ठा तोंडाजवळ धरायचा आणि फूंऽ करायची. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय.

शेवटी हातमोजे हातात असतानाच साबणाने धुतले, मग काढले, मग हात धुतले. हा क्रम उलटा झाला तर घाण हाताला लागते आणि तिथून नाका-डोळ्यांत जाते. सगळ्याला मिळून पाच तास लागले. झाडूने ती खोली ४० मिनिटांत झाली असती.

भिंतीतल्या पोकळीबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात राहून गेलेल्या १० जणांना हा आजार झाला, त्यातले तीन दगावले. बहुतेक जण एकाच प्रकारच्या तंबूघरांत राहिले होते. त्यांच्या भिंती दुहेरी होत्या आणि मधल्या थरात उंदरांनी घरं केली होती. तुमच्या गोदामाला आतून लाकडी किंवा पत्र्याचं अस्तर असेल, खोटं छत असेल, तर वरवर स्वच्छ दिसणाऱ्या खोलीवर विसंबू नका. ठोकून, कान लावून, वास घेऊन बघा.

इथपर्यंत झाली खोलीची गोष्ट. दुसरी गोष्ट माणसाची आहे, आणि ती विसरली जाते, कारण मध्ये बराच काळ जातो.

समजा, एखाद्याने महिन्याच्या एक तारखेला खोली झाडली. विषाणू अंगात गेला तरी दुसऱ्या दिवशी काही होत नाही. एक ते आठ आठवड्यांत कधीही लक्षणं सुरू होतात. समजा वीस तारखेला त्याला ताप आला. मांड्या, कंबर, पाठ, खांदे ठणकू लागले. डोकं दुखतं, मळमळतं, पोटात कळ येते. नाक मात्र वाहत नाही, घसाही सहसा दुखत नाही. तो डॉक्टरकडे जातो, ते तापाच्या गोळ्या देतात, आणि त्यात डॉक्टरचं काही चुकत नाही. असा ताप शंभर कारणांनी येतो. चार-पाच दिवसांनी खोकला सुरू होतो. मग जिना चढताना धाप, मग बसल्या जागी धाप. आता सगळं फार वेगाने होतं. फुप्फुसातल्या केशवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातलं पाणी हवेच्या पिशव्यांमध्ये उतरतं. बाहेरून पाणी गेलेलं नसताना माणूस आतल्या आत बुडू लागतो. रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी झालेल्या दिसतात आणि रक्त घट्ट झालेलं, कारण त्यातला पातळ भाग गळून गेलेला असतो. रक्तदाब पडला म्हणून अशा वेळी सलाइन भरभरून दिलं तर ते फुप्फुसातच उतरतं. म्हणूनच निदान आधी डोक्यात असणं फार मोलाचं आहे. फुप्फुसाच्या रूपावर विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, आणि जिथे सोय असेल तिथे रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू देणारं यंत्र. त्या दोन-तीन दिवसांतून माणूस तरला तर बहुधा चांगला बरा होतो. म्हणून त्याला वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचवणं हाच खरा उपचार.

किडनीच्या रूपात चेहरा लालसर होतो, डोळे लाल दिसतात, कंबर विलक्षण दुखते, मग रक्तदाब उतरतो आणि लघवी कमी होत होत थांबते. लघवीत प्रथिनं जातात. काहींना काही दिवस डायलिसिस लागतं. नंतर एकदम भरपूर लघवी होऊ लागते आणि माणूस हळूहळू सावरतो. या रूपात रिबाव्हिरिन हे औषध लवकर, पहिल्या काही दिवसांत दिलं तर उपयोग होतो. इथेही सगळा प्रश्न वेळेचा आहे.

आता सांगा, वीस-पंचवीस दिवसांपूर्वी झाडलेली खोली त्या कामगाराला आठवेल का? त्याच्यासाठी तो शेकडो दिवसांसारखा एक दिवस होता. डॉक्टर विचारतील, "बाहेरगावी गेला होतात का? घरात कुणी आजारी आहे का?" तो नाही म्हणेल. खोली उघडल्याची तारीख फक्त तुमच्या चावीच्या रजिस्टरमध्ये असते.

म्हणून दुसरी मागणी. खोली ज्याने उघडली, ज्याने सफाई केली, त्याच्या हातात त्याच दिवशी एक चिठ्ठी द्या. कंत्राटी माणूस असेल तर अगदी आठवणीने द्या, कारण आजारी पडेल तेव्हा तो तुमच्याकडे कामाला नसेल. मी जी वापरत होतो तिचा मजकूर खाली देतो. तारीख आणि सही टाकून तशीच उतरवून घ्या :

"या व्यक्तीने दिनांक ______ रोजी उंदरांचा वावर असलेली बंद खोली उघडून साफ केली आहे. त्या दिवसापासून आठ आठवड्यांच्या आत ताप, मांड्या-कंबर-पाठ यांत तीव्र दुखणं, उलट्या, खोकला किंवा धाप, अथवा लघवी कमी होणं यांपैकी काही झाल्यास डॉक्टरांनी कृपया हंताव्हायरसचा विचार करावा, प्लेटलेट, रक्ताचा घट्टपणा आणि लघवीतली प्रथिनं तपासावीत. धाप लागल्यास घरी थांबू नये, त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावं. अधिक माहितीसाठी संपर्क : ______ (चावी देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व फोन)."

शेवटच्या ओळीत शिपायाचा किंवा मुकादमाचा फोन घालू नका, तुमचा घाला.

आपला नम्र,
एक निवृत्त भांडारपाल